मेनूकार्डाच्या फोटोवरून दरपत्रक

पुण्यातल्या आमच्या हॉटेलच्या मेनूकार्डाचा फोटो काढून एक्सेलमध्ये घेतला, तर हाफ-फुलचे भाव इकडचे तिकडे झाले. काय करू?

उत्तर: एका पदार्थाची एकच ओळ नको, प्रत्येक आकाराची वेगळी ओळ करा: एक ओळ चिकन हंडी, हाफ, ३२० आणि दुसरी ओळ चिकन हंडी, फुल, ६००.

खरी गोची रिकाम्या रकान्याची. समजा, मटण हंडी फक्त फुल मिळते, ७५०. फोटोतून मजकूर काढताना हाफखालची मोकळी जागा गळते आणि ७५० हाफमध्ये जाऊन बसतो. म्हणून एकच आकडा असलेल्या ओळी मूळ फोटोशी ताडून बघाच, कंटाळा आला तरी.

मग फुलचा भाव हाफपेक्षा कमी किंवा तिपटीहून जास्त दिसला, तर तो आकडा तपासा. ‘२५०/-’ मधली तिरकी रेघ कधीकधी १ म्हणून वाचली जाते.