उत्तर नेमकं दुप्पट येतं तेव्हा

प्रश्न: १८ सेंमी व्यासाचा तांब्याचा भरीव गोळा वितळवून ४ मिमी जाडीची तार ओढली, तर तारेची लांबी किती? माझं उत्तर ४८६ मीटर येतं, पुस्तकात २४३ मीटर आहे. तीनदा करून पाहिलं. बाबांचं नागपुरातच मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, ते म्हणतात एका गोळ्यातून इतकी तार निघणारच नाही. कोण चुकतंय? आणि परीक्षेत हे लवकर करायची काही रीत आहे का?

उत्तर:

पुस्तक बरोबर आहे. तुझी चूकही तुझ्या उत्तरातच दिसते आहे. तू त्रिज्येचं सूत्र घेतलंस आणि त्यात दोन्हीकडे व्यास घातलेस. गोलाचं घनफळ त्रिज्येच्या घनावर चालतं, म्हणून तिथे व्यास घातला की घनफळ ८ पट होतं. तारेचा छेद त्रिज्येच्या वर्गावर चालतो, तिथे व्यास घातला की छेद ४ पट होतो. आठाला चाराने भागलं की दोन. म्हणून तुझं उत्तर बरोबर दुप्पट आलं, एक सेंटीमीटर इकडे नाही की तिकडे नाही. तीनदा केलं तरी तेच येणार, कारण आकडेमोड तुझी चोख आहे. चूक सूत्रात आकडे भरण्याच्या आधीची आहे.

आता रीत सांगतो, आणि त्यात त्रिज्या मधे आणायचीच नाही. प्रश्नात गोळ्याचा व्यास दिला आहे आणि तारेची जाडी म्हणजेही व्यासच. दोन्ही व्यासच दिले असताना दोघांचे अर्धे करायचे, मग कुठला अर्धा केला आणि कुठला राहिला हे शोधत बसायचं, काहून हा उपद्व्याप?

गोळ्याला अगदी घट्ट बसेल अशी वृत्तचिती डोळ्यांसमोर आण. तिचा व्यास १८ सेंमी, उंचीही १८ सेंमी. या वृत्तचितीच्या घनफळाचा बरोबर दोन तृतीयांश भाग गोळा व्यापतो. हे आर्किमिडीजने सिद्ध केलं आणि त्याला ते इतकं प्रिय होतं, की आपल्या थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरावी असं त्याने सांगून ठेवलं होतं म्हणतात. तुझ्या महत्त्वमापनाच्या धड्यातल्या सूत्रांवरूनही ते एका ओळीत पडताळता येईल, एकदा करून बघ.

याचा अर्थ असा, की गोळा वितळवून त्याच व्यासाचा सरळ ठोकळा ओतला तर त्याची उंची १८ च्या दोन तृतीयांश, म्हणजे १२ सेंमी भरेल. हा १८ सेंमी जाड आणि १२ सेंमी लांब ठोकळा म्हणजे तुझी तारच आहे, फक्त अजून फार जाड आणि फार आखूड. आता ती बारीक करायची. १८ सेंमी म्हणजे १८० मिमी, आणि हवी आहे ४ मिमी. जाडी ४५ पट कमी झाली. जाडी ४५ पट कमी झाली की छेदाचं क्षेत्रफळ ४५ च्या वर्गाइतकं, म्हणजे २०२५ पट कमी होतं. धातू तेवढाच राहतो, म्हणून लांबी २०२५ पट वाढते. १२ गुणिले २०२५ म्हणजे २४,३०० सेंमी, म्हणजेच २४३ मीटर.

एका ओळीत लिहायचं तर:

लांबी = (२/३) × गोळ्याचा व्यास × (गोळ्याचा व्यास ÷ तारेची जाडी)²

कंसातला भागाकार दोन जाड्यांचा आहे. दोन्ही एकाच एककात घेतल्या की झालं. उत्तराचं एकक बाहेरच्या व्यासाचं. मला या मांडणीत सगळ्यात आवडतं ते हे, की मिमी आणि सेंमीचा घोळ व्हायला एकच जागा उरते आणि ती जागा डोळ्यांसमोर असते. शिवाय π कुठेच नाही. तो दोन्ही बाजूंना असतो आणि कटतो. काही मुलं तरीही एकीकडे २२/७ आणि दुसरीकडे ३.१४ घालतात, आणि मग २४३.२ असं अपूर्णांकी उत्तर येऊन पर्यायांत सापडत नाही.

तुझं दुप्पट आलं तसे बाकीचे घोटाळेही आपापल्या ठरलेल्या पटीने येतात. फक्त गोळ्याच्या व्यासाचा अर्धा करायचा राहिला तर उत्तर ८ पट, म्हणजे १९४४ मीटर. फक्त तारेचा राहिला तर पाव, म्हणजे ६०.७५ मीटर. घनफळाच्या सूत्रातला तीनाचा भागाकार विसरलास तर ७२९ मीटर. आणि ४ मिमीचे ०.४ सेंमी करताना ०.०४ झालं, तर १०० पट, म्हणजे गोळ्यातून २४ किलोमीटर तार. स्पर्धा परीक्षांचे चुकीचे पर्याय बऱ्याचदा याच पटींतून तयार केलेले असतात. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत दिसलं म्हणजे ते बरोबरच, असं धरू नको. दोन पर्याय एकमेकांच्या दुप्पट किंवा आठपट दिसले, की प्रश्न काढणाऱ्याने तुझी कुठली चूक गृहीत धरली आहे ते कळतं.

आता तुझ्या बाबांच्या शंकेकडे येऊ. ती शंका मला रास्त वाटते, कारण १८ सेंमी ऐकून वजन कळत नाही. हा गोळा हातात घ्यायला सांगितला तर उचलताना कळेल. त्याचं घनफळ सुमारे ३०५४ घन सेंमी आहे, आणि तांब्याची घनता दर घन सेंमीला ८.९६ ग्रॅम. म्हणजे गोळ्याचं वजन २७ किलोच्या वर, जवळपास २७.४ किलो. ४ मिमी जाडीच्या एक मीटर तारेचं वजन येतं साधारण ११३ ग्रॅम. वाइंडिंगची तार किलोवरच विकत घेतात, तेव्हा बाबांना हा हिशोब पटकन पटेल: २७ किलोची तार, मीटरला ११३ ग्रॅम, भागाकार करा. आणि त्यांच्या रोजच्या वापरातली तार तर याहून कितीतरी बारीक. त्याच गोळ्याची अर्धा मिलिमीटर जाडीची तार ओढली तर ती साडेपंधरा किलोमीटर होईल. बर्डीवरून सोडली तर जवळपास कामठीला जाऊन टेकेल. जाडी आठपट कमी केली, लांबी ६४ पट वाढली, वजन तेवढंच.

धातू वितळला की फुगतो, मग घनफळ तेच कसं, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सोपं आहे. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि द्रव होताना फुगतं हे खरं, पण आपण गोळाही थंड मोजला आणि तारही थंड मोजतो. वजन बदललं नाही, घनता परत तीच झाली, म्हणून घनफळही तेच. मधे काय झालं याने फरक पडत नाही. फरक पडतो तो गोळ्याच्या ओतकामात आत हवेची पोकळी राहिली असेल तर. तेव्हा बाहेरून व्यास १८ दिसतो आणि आत धातू कमी असतो. हे वजनावरून कळतं: २७.४ च्या ऐवजी २६ किलो भरला, तर तारही त्याच प्रमाणात कमी निघणार, सुमारे २३१ मीटर.

प्रत्यक्षात वितळलेल्या तांब्यातून थेट ४ मिमीची तार निघत नाही. आधी त्याची सळई ओततात, कारखान्यांत बहुतेक ८ मिमीची. मग ती डायच्या क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. एका भोकात छेद साधारण पाचवा हिस्सा कमी केला तर ८ वरून ४ मिमीवर यायला सहा-सात भोकं लागतात. ओढताना तांबं कडक होत जातं, फार बारीक न्यायचं असेल तर मधे तापवून मऊ करावं लागतं. डाय झिजला की भोक मोठं होतं, आणि इथे वर्गाचा हिशोब अंगावर येतो. तार ४ च्या ऐवजी ४.०४ मिमी निघाली, म्हणजे जाडी फक्त १ टक्का वाढली, तरी लांबी २ टक्के घटते. २४३ ऐवजी २३८ मीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो. तारेवर इनॅमल असेल तर ते खरवडून मोजायचं, नाहीतर थराची जाडीही तांब्यात धरली जाते.

शेवटी एक सांगतो, कारण घरी दुकान असल्याने तुझा यात गोंधळ होणारच. इलेक्ट्रिकच्या दुकानात 'चार एमएमची वायर' मागितली तर मिळते ती ४ चौरस मिमी छेदाची वायर. तो आकडा व्यासाचा नसून क्षेत्रफळाचा असतो. दीड, अडीच, चार हे सगळे तसेच. भरीव एकच तार असती तर ४ चौरस मिमीचा व्यास २.२६ मिमी झाला असता, आणि आत बहुतेक बारीक तारांचा जुडगा असतो. आपल्या गोळ्याचं तांबं ४ चौरस मिमीच्या छेदात ओढलं, तर लांबी सुमारे ७६३ मीटर येते. हा आकडा २४३ च्या बरोबर π पट आहे, कारण ४ मिमी व्यासाच्या तारेचा छेद ४π चौरस मिमी असतो. प्रश्नात 'छेदाचं क्षेत्रफळ' असं दिलं असेल तर वरची रीत चालणार नाही. तिथे π कटत नाही, गोळ्याचं घनफळ काढून क्षेत्रफळाने सरळ भागायचं.

आणि प्रश्न उलटा आला, लांबी देऊन जाडी विचारली, तर तीच वाट मागे चाल. ६ सेंमीचा गोळा, ३६ मीटर तार: ठोकळा ४ सेंमीचा, ३६०० भागिले ४ म्हणजे ९००, वर्गमूळ ३०. ६० मिमीला ३० ने भागलं की जाडी २ मिमी.