पंपाला प्रेशर गेज घेताना रेंज कोणती धरावी?

प्रश्न: बडोद्यात वासणा-भायली रोडवर आमचा तेरा मजली टॉवर आहे. पाणी चढवणाऱ्या पंपाच्या डिलिव्हरीला, एनआरव्हीच्या म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या पुढे, 0 ते 7 किलोचा छोटा गेज आहे. पंप चालू असताना काटा 6 वर असतो. तीन महिन्यांत दुसरा गेज गेला, पंप बंद केला तरी काटा खाली उतरत नाही. प्लंबर म्हणतो 0 ते 25 चा लावा, कटकट संपेल. बरोबर आहे का? की एवढ्या मोठ्या रेंजवर वाचन ढोबळ होईल?

उत्तर:

25 चा नको. 0 ते 16 किलोचा, 100 मिमी डायलचा, क्लास 1 चा गेज घ्या. एनआरव्ही बदलणार असाल तर मात्र 0 ते 10 चा योग्य ठरेल. तो मुद्दा खाली येईलच.

गेजच्या आत इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली चपटी नळी असते, तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. दाब आला की ती किंचित उलगडते आणि त्या हालचालीवर काटा फिरतो. मर्यादेपलीकडे ताणली की ती पूर्वीच्या आकारात परत येत नाही, म्हणून दाब गेल्यावरही काटा वरच अडकून राहतो. पंप बंद असताना टाकीपर्यंतच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब एनआरव्हीच्या पुढे तसाच राहतो, त्यामुळे काटा साडेचारच्या आसपास दिसला तर त्यात काही बिघाड नाही. गेजखालचा कॉक बंद करून गेजमधला दाब सोडा, तरीही काटा शून्यावर आला नाही तरच गेज गेला म्हणायचं.

आता तुमच्या लाइनीत गेजला खरोखर काय सोसावं लागतं ते पाहू. रोजचा दाब 6, म्हणजे 7 च्या डायलवर 86 टक्के. बोर्डन गेजचा सर्वसाधारण नियम असा की स्थिर दाब पूर्ण स्केलच्या तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवावा, आणि दाब सतत खालीवर होत असेल तर दोन-तृतीयांशाच्या. 63 मिमीच्या छोट्या गेजला तर बहुतेक कॅटलॉग हीच कमाल मर्यादा देतात आणि क्षणिक दाबही पूर्ण स्केलपलीकडे नको म्हणतात. 100 मिमीचे गेज जास्त सोशीक असतात, त्यांना क्षणभरासाठी पूर्ण स्केलच्या 1.3 पट चालतं. म्हणजे तुमचा गेज पहिल्या दिवसापासूनच काठावर होता.

त्यापुढे शट-ऑफ. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह असेल तर टाकी भरत आल्यावर तो बंद होतो, आणि लेव्हल स्विच पंप थांबवेपर्यंत पंप बंद लाइनीवर जोर लावत राहतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा सर्वांत जास्त दाब तेव्हाच येतो. तो पंपाच्या कर्व्हवर, शून्य प्रवाहाच्या जागी मीटरमध्ये वाचता येतो आणि त्याला 10 ने भागलं की किलो मिळतात. 6 किलोवर चालणाऱ्या पंपाचा शट-ऑफ 80 ते 85 मीटर असणं काही नवल नाही. आपण 82 धरू, म्हणजे 8.2 किलो. तुमच्या डायलवर तो आकडाच नाही.

पण गेज मारणारी खरी गोष्ट म्हणजे पंप थांबताना होणारा तो ‘धाड’ आवाज. पंपरूममध्ये ऐकला असेलच. पंप थांबला की वर चढलेलं पाणी मागे फिरतं, साधा स्विंग एनआरव्ही थोडा उशिरा बंद होतो आणि तोवर वेग घेतलेलं पाणी त्याच्या झडपेवर एकदम आदळतं. त्या धक्क्याचा दाब असा निघतो:

Δp = ρ × c × Δv

पाण्यासाठी ρ म्हणजे घनता 1000, आणि लोखंडी किंवा जीआय पाइपात लाटेचा वेग c साधारण 1200 मीटर प्रतिसेकंद. Δv, म्हणजे मागे फिरलेल्या पाण्याचा वेग, फक्त 0.5 मीटर प्रतिसेकंद धरला तरी 6,00,000 पास्कल होतात, म्हणजे 6 बार. किलोत ते जवळपास तेवढेच. तेरा मजल्यांची उंची 45 मीटर धरली तर स्तंभाचा 4.5 किलो दाब आधीच आहे, त्यावर हे 6 चढले की एकूण साडेदहा. पंप दिवसातून जितक्या वेळा थांबेल तितक्या वेळा. प्लास्टिकच्या पाइपात c बराच कमी असतो, त्यामुळे तिथे धक्काही सौम्य असतो.

हा झटका डोळ्यांना दिसत नाही, कारण क्षणार्धात येऊन जाणाऱ्या दाबामागे काट्याला पळता येत नाही. ट्यूबला मात्र तो सोसावा लागतो. ग्लिसरीन भरलेला गेज घेतला तर काटा शांत राहतो आणि आतली गिअरची यंत्रणा झिजत नाही, पण ट्यूबमधला दाब त्याने कमी होत नाही. दुकानात ‘ग्लिसरीनवाला घ्या, काही होणार नाही’ असं सांगतात, ते अर्धंच खरं. धक्क्यासाठी गेजखाली स्नबर लागतो, म्हणजे बारीक छिद्रातून दाब हळू आत सोडणारा तुकडा. मात्र बोअरच्या जड पाण्याने त्याचं बारीक छिद्र क्षार धरून बंद झालं की काटा एका जागी गोठतो आणि सगळं ठीक असल्यासारखं दिसतं.

आता रेंजा ताडून पाहू. 0 ते 10 वर रोजचे 6 म्हणजे 60 टक्के, अगदी छान जागा. पण शट-ऑफ 82 टक्क्यांवर जातो आणि धक्का स्केलबाहेर. 100 मिमीचा गेज निभावून नेईल, 63 चा नाही. 0 ते 16 वर रोजचे 6 म्हणजे 37 टक्के. हे डायलच्या मधल्या अर्ध्या भागातच येतं, म्हणजे 25 ते 75 टक्क्यांच्या पट्ट्यात. शट-ऑफ निम्म्यावर आणि धक्का 66 टक्क्यांवर. 0 ते 25 वर मात्र रोजचा काटा 24 टक्क्यांवर, डाव्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

मोठी रेंज घेतली की वाचन ढोबळ होतं ही तुमची शंका रास्त आहे. गेजची चूक पूर्ण स्केलच्या टक्क्यांत मोजतात, आणि क्लासचा आकडा म्हणजे तेच टक्के. क्लास 1.6 चा 0 ते 25 चा गेज 0.4 किलो इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणजे चार मीटर पाणी. एवढ्यात पंपाचा इम्पेलर झिजतोय की नाही हे कळणार नाही. क्लास 1.6 च्या 0 ते 10 ची चूक 0.16, आणि क्लास 1 च्या 0 ते 16 ची चूकही नेमकी 0.16. म्हणून क्लास 1 सांगितला: जागा वाढते आणि बारकाई तेवढीच राहते. घेताना प्रत्येक रेघ 0.2 किलोची आहे ना, ते बघून घ्या.

एनआरव्हीचं राहिलं. स्विंग काढून स्प्रिंगचा नॉन-स्लॅम एनआरव्ही लावला तर पाणी उलटं वेग घ्यायच्या आधीच तो मिटतो आणि आवाज जवळजवळ जातो. मग पाहायला उरतो फक्त शट-ऑफ, आणि तो थोड्याच वेळापुरता असल्याने 100 मिमीचा 0 ते 10 पुरेसा होतो. पैसे एकदाच खर्चायचे असतील तर मी आधी हेच करेन, कारण तो धक्का गेजबरोबर पाइपाचे सांधेही खिळखिळे करतो. गेज एनआरव्हीच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला हलवला तरी धक्क्यातून सुटतो, पण शट-ऑफ तिथेही येणारच.

नवा गेज लावताना खाली कॉक हवाच. महिन्याकाठी तो बंद करून दाब सोडा आणि काटा शून्यावर येतो का बघा. शून्याशी खुंटी असलेल्या डायलवर काटा खाली सरकलेला असला तरी तिथेच टेकलेला दिसतो, म्हणून बिनखुंटीचा मिळाला तर बरं. आणि काटा अर्धा किलो वर राहिला म्हणून कोणी तो उपटून परत शून्यावर ठोकून देत असेल तर देऊ नका. ताणलेली ट्यूब मधल्या आकड्यांवरही चुकते, त्यामुळे वजनं ठेवून नेमका दाब देणाऱ्या डेड वेट टेस्टरवर चार-पाच ठिकाणी तपासल्याशिवाय तो गेज परत लाइनीवर चढवू नका.