पैसे एस्क्रोत आहेत. पण सुटणार कधी?

प्रश्न : पहिल्यांदाच घर घेतोय. करारनाम्याच्या मसुद्यात एक वाक्य आहे : ‘इसाराची 10 टक्के रक्कम विक्रेत्याच्या वकिलांकडे एस्क्रोमध्ये राहील व अटींची पूर्तता झाल्यावर मुक्त करण्यात येईल.’ ब्रोकर म्हणतो, एस्क्रो म्हणजे पैसे सुरक्षित, निर्धास्त सही करा. माझं गृहकर्ज अजून मंजूर झालेलं नाही, आणि विक्रेत्याच्या त्या घरावरही कर्ज आहे असं आता कळलं. सही करू का?

उत्तर : आज नको. घर हातचं सोडा असं मी म्हणत नाही. ते वाक्य दुरुस्त होईपर्यंत थांबा.

दोन माणसं पैज लावतात तेव्हा दोघांचे पैसे तिसऱ्याच्या हाती देतात. निकाल लागेपर्यंत त्याने ते कोणालाच द्यायचे नसतात. एस्क्रो म्हणजे हीच व्यवस्था, फक्त लेखी. पूर्वी हा शब्द पैशासाठी नव्हताच. सह्या झालेला दस्त त्रयस्थाकडे ठेवायचा, आणि ठरलेली अट पुरी झाली की मगच तो लागू व्हायचा. त्या दस्ताला एस्क्रो म्हणत. त्यातली ‘अट’ हीच आजही मुख्य गोष्ट आहे. पैसे कोणाकडे आहेत हे लोक विचारतात, पण ते कशाने सुटतात हे क्वचितच कोणी विचारतं. (कर्ज देणाऱ्या काही संस्था मालमत्ता कर आणि विम्याचे पैसे हप्त्याबरोबर घेऊन वेगळ्या खात्यात ठेवतात, त्यालाही एस्क्रोच म्हणतात. तुमच्या करारनाम्यातला एस्क्रो तो नव्हे.)

आता तुमचं वाक्य घ्या. ‘अटींची पूर्तता झाल्यावर’ असं लिहिलंय. कोणत्या अटी? पूर्तता झाली हे ठरवणार कोण? आणि पूर्तता झालीच नाही तर? तिन्हींना उत्तर नाही.

याचा परिणाम काय होतो ते बघा. समजा, सहीनंतर 40 व्या दिवशी बँकेने तुमचं कर्ज नाकारलं. तुम्ही इसार परत मागता. विक्रेता म्हणतो, ‘तुम्हीच कागद वेळेत दिले नाहीत, चूक तुमची, इसार जप्त.’ एस्क्रो सांभाळणारा काय करेल? तो न्यायाधीश नाही. कोणाचं खरं, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही, आणि एकाचं ऐकून पैसे दिले तर दुसरा त्याच्यावर दावा लावेल. म्हणून तो म्हणतो, ‘दोघांच्या सहीचं पत्र आणा, नाहीतर न्यायालयाचा आदेश.’ फार ताणलं तर तो रक्कम न्यायालयात जमा करून मोकळा होतो. तुमचे पैसे सुरक्षित असतात हे खरं, पण तुमच्या हाती नसतात. त्या काळात दुसरं घर आवडलं तर त्याचा इसार कुठून आणणार?

म्हणून पैसे सोडण्याची अट अशी हवी की कागद बघून कोणालाही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगता यावं. माझ्या अशिलांसाठी मी साधारण असं लिहिते : ‘सहीपासून 45 दिवसांत खरेदीदाराने बँकेचं नकारपत्र एस्क्रो सांभाळणाऱ्याकडे दिल्यास त्याने त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवावं, पुढच्या 7 दिवसांत विक्रेत्याची कारणांसह लेखी हरकत न आल्यास संपूर्ण रक्कम खरेदीदाराला परत करावी.’ इथे विक्रेत्याला बोलायची संधी आहे, पण गप्प बसून पैसे अडकवायची सोय नाही. हरकत आलीच तर वाद कुठे आणि किती दिवसांत मिटवायचा, हेही त्याखालीच लिहून घ्या. बँकेकडे पूर्ण अर्ज अमुक तारखेपर्यंत देण्याचं बंधन विक्रेता तुमच्यावर घालेल. ते रास्त आहे, मान्य करा. आणि अर्जाची पोच जपून ठेवा, कारण ‘चूक तुमची’ला उत्तर तीच देईल.

दुसरा मुद्दा विक्रेत्याच्या कर्जाचा. एस्क्रोचा खरा उपयोग इथेच आहे. घराची किंमत 100 धरली आणि त्यातलं 30 त्याच्या बँकेचं देणं असेल, तर पेच असा : बोजा उतरल्याशिवाय तुम्ही पैसे द्यायचे नाहीत, आणि तुमचे पैसे आल्याशिवाय त्याला बोजा उतरवता येत नाही. आधी कोणी पाऊल टाकायचं? कोणीच नाही. खरेदीच्या दिवशी तुमची पूर्ण रक्कम एस्क्रोत येते आणि विक्रेता सही केलेलं खरेदीखत व किल्ल्या तिथेच ठेवतो. त्याच्या बँकेकडून त्या तारखेचा थकबाकीचा नेमका आकडा आणि ‘एवढे मिळाल्यावर गहाण सोडू’ असं पत्र आधीच घेतलेलं असतं. मग एस्क्रो सांभाळणारा 30 थेट बँकेला पाठवतो, उरलेले 70 विक्रेत्याला आणि खरेदीखत तुम्हाला देतो. बँकेचे पैसे विक्रेत्याच्या खात्यातून जाऊ देऊ नका. तुमचे स्वतःचे पैसे कर्जाचे असतील तर तुमच्या बँकेलाही हा क्रम आधी दाखवा. तिच्या स्वतःच्या अटी असतात.

तिसरा मुद्दा, विक्रेत्याचे वकील. त्यांच्याकडे रक्कम ठेवण्यात मुळात बेकायदा काही नाही, पण ते ती कोणत्या नात्याने धरतात हे महत्त्वाचं. ‘विक्रेत्याचे प्रतिनिधी म्हणून’ असं असेल तर वकिलाला दिले म्हणजे विक्रेत्यालाच दिले असा अर्थ होऊ शकतो, आणि तो मागेल तेव्हा त्यांना ते त्याला द्यावे लागतील. तुमच्या वाक्यात नातं लिहिलेलंच नाही. ‘दोन्ही पक्षांकरिता त्रयस्थ म्हणून’ हे शब्द घालून घ्या, आणि रक्कम त्यांच्या स्वतःच्या पैशात न मिसळता वेगळ्या खात्यात राहील हेही. स्वतंत्र संस्था किंवा बँक मिळाली तर माझी पसंती तिलाच. तिची फी कोण देणार आणि व्याज कोणाचं, हे दोन ओळींत उरकतं.

ब्रोकरचं ‘सुरक्षित’ मी अर्धंच मान्य करेन. विक्रेता पैसे घेऊन पळाला, हा धोका एस्क्रोने टळतो. पण मालकी त्याची आहे का, घर गळकं आहे का, हे एस्क्रो तपासत नाही. मालकीचा शोध आणि घराची पाहणी वेगळी करून घ्या, आणि शोधात दोष निघाला तर इसार परत, ही अटही वरच्याच धाटणीने लिहून घ्या.

दुरुस्त मसुदा आल्यावर तिघांच्या सह्या घ्या : तुमची, विक्रेत्याची आणि एस्क्रो सांभाळणाऱ्याची. एस्क्रो सांभाळणाऱ्याने सही केली नाही तर त्या अटी पाळायला आपण बांधलेले नाही असं म्हणायला त्याला वाव राहतो. रक्कम पाठवण्याच्या आदल्या दिवशी ‘खातं बदललंय, या नव्या क्रमांकावर पाठवा’ असा ईमेल आला तर पैसे पाठवू नका. अशी फसवणूक नेहमीची आहे, आणि ईमेल अगदी वकिलाच्याच नावाने येतो. त्या ईमेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खातेक्रमांक तोंडी पडताळा.