डाव्या-उजव्याची उडी लागत नसेल तर मॅट उघडू नका

प्रश्न: "जुनी प्लेस्टेशन २ ची डान्स मॅट यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावून लॅपटॉपला जोडली आहे. एकेक बाण नीट लागतो, पण डाव्या-उजव्यावर एकदम उडी मारली की एकच लागतो, कधी एकही नाही. मॅट गेली का? त्याच अ‍ॅडॉप्टरवर प्लास्टिकची गिटार लावायची आहे, तिचंही असंच होईल का? मी साताऱ्यात असते."

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि मला आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरातला तो दीड महिना आठवला. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी एक करून बघा. डावा आणि वरचा असे शेजारचे दोन बाण एकदम दाबा. ते दोन्ही लागत असतील आणि फक्त समोरासमोरचे, म्हणजे डावा-उजवा किंवा वर-खाली, बुडत असतील, तर मॅट शाबूत आहे. मॅटच खराब असती तर एखादा बाण एकटा दाबतानाही चुकला असता, किंवा पाय स्थिर असूनही लुकलुकला असता. दुसरी खूण अशी की डाव्याची लांब नोट एका पायाने धरली असताना उजव्यावर दुसरा पाय टाकला की डावी नोट सुटते. आमच्याकडे हेच व्हायचं आणि भाऊ मला म्हणायचा, तू पाय उचलतेस. मी उचलत नव्हते.

कारण असं. मॅटच्या आत दोन प्लास्टिकचे पडदे असतात, त्यांवर वीज वाहणारी छपाई असते आणि मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की त्या भोकातून दोन्ही पडदे टेकतात आणि मॅटच्या कडेला असलेल्या डबीतल्या चिपला कळतं. कन्सोलने विचारलं की चिप बटणांची स्थिती दोन बाइटमध्ये पाठवते. पहिल्या बाइटमध्ये चारही दिशांना स्वतंत्र बिट आहे आणि दाबलेलं बटण म्हणजे शून्य. काहीच दाबलं नसेल तर 0xFF, फक्त डावा दाबला तर 0x7F, फक्त उजवा दाबला तर 0xDF, आणि दोन्ही दाबले तर 0x5F. म्हणजे मॅटने उडी पूर्ण आणि बरोबर कळवलेली असते.

पुढे अ‍ॅडॉप्टर ती माहिती लॅपटॉपला साध्या गेमपॅडसारखी सांगतो, आणि घोळ तिथे होतो. गेमपॅडच्या अंगठ्याखालच्या चार दिशा यूएसबीवर बहुतेक वेळा एकाच आकड्याने जातात: वर ०, उजवा २, खाली ४, डावा ६, आणि कोपऱ्यांना मधले विषम आकडे. डावा आणि वर मिळून ७ होतो, म्हणून शेजारची उडी लागते. डावा आणि उजवा मिळून कोणता आकडा? तो आकडाच नाही. काही अ‍ॅडॉप्टर दिशा जॉयस्टिकच्या दांड्यासारख्या पाठवतात, डावीकडे ०, मध्यभागी १२८, उजवीकडे २५५. तिथेही दोन टोकं एकाच वेळी सांगता येत नाहीत, मग एक जिंकतं किंवा दांडा मध्यावर येतो. अंगठ्याच्या बटणावर डावं-उजवं एकदम दाबलंच जात नाही, म्हणून साध्या खेळात हे कधी कळत नाही. मॅटवर मात्र ती रोजची उडी आहे.

आता माझी चूक. मी मॅट उचलली आणि सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली. अ‍ॅडॉप्टर घरीच ठेवला. त्यांनी उडीचं ऐकूनही घेतलं नाही, डबी उघडली, "पट्टा गेलाय" म्हणाले आणि त्या प्लास्टिकच्या पडद्याच्या शेपटीवर सोल्डरिंग आयर्न टेकवलं. तो पट्टा बोर्डावर नुसता दाबून बसवलेला असतो, टाका मारायची ती जागाच नाही. प्लास्टिक आकसलं आणि खालचा बाण कायमचा गेला. वर ४५० रुपये घेतले. मग मी १,९०० ची दुसरी मॅट मागवली, तिच्यावरही डावा-उजवा लागेना, तेव्हा कुठे डोक्यात आलं की दोन्ही वेळा अ‍ॅडॉप्टर एकच होता. आजही मला त्या दुकानाचा राग येतो. न कळणं हा गुन्हा नाही, पण विचारल्याशिवाय गरम आयर्न लावणं वाईटच.

खात्री करायला विंडोजमध्ये `joy.cpl` चालवा, अ‍ॅडॉप्टर निवडा, गुणधर्म उघडा. बाण दाबल्यावर "Point of View Hat" मधली खूण फिरली किंवा X-Y च्या चौकोनातलं फुलीचिन्ह सरकलं, तर निदान पक्कं. अ‍ॅडॉप्टर चालणारा असेल तर त्याऐवजी बाणांगणिक वेगवेगळे आकडे असलेली बटणं पेटली पाहिजेत. स्टेपमॅनिया वापरत असाल तर त्यातल्या "Test Input" मध्येही हेच दिसेल.

उपाय दोन. पहिला, दिशा बटणं म्हणून पाठवणारा अ‍ॅडॉप्टर घ्या. विकणाऱ्याला "डान्स मॅट चालते का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "डावा-उजवा एकदम दाबले तर दोन बटणं दिसतात का" असं विचारा आणि परत घेण्याची अट आधीच बोलून घ्या. दुसरा, मी केला तो: एटीमेगा ३२यू४ चिपचा छोटा बोर्ड (प्रो मायक्रो नावाने मिळतो) मॅटच्या प्लगला जोडायचा. तो मॅटकडून बाइट वाचतो आणि लॅपटॉपला जॉयस्टिकची बटणं दाखवतो. मॅट कापावी लागत नाही. वाचण्यासाठी तयार लायब्ररी आहेत, खरं काम या चार ओळींचं, `b` म्हणजे तो दिशांचा बाइट:

```
Joystick.setButton(0, !(b & 0x80));
Joystick.setButton(1, !(b & 0x40));
Joystick.setButton(2, !(b & 0x10));
Joystick.setButton(3, !(b & 0x20));
```

क्रम डावा, खाली, वर, उजवा. बोर्ड ३.३ व्होल्टचाच घ्या, मॅटची चिप तेवढ्यावरच चालते. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नाही, त्यामुळे तारा जोडण्याआधी कळणाऱ्या कोणाला तरी एकदा दाखवा.

गिटारचं वेगळं आहे. तिचे पाच रंगीत फ्रेट स्वतंत्र बटणं आहेत, म्हणून दोन-तीन एकदम धरले तरी सगळे पोचतात. झंकारायची पट्टी दिशांमधले वर आणि खाली वापरते, पण ती एका वेळी एकाच बाजूला कलते, म्हणून इथे अडत नाही. अडतं दुसरीकडे. प्लेस्टेशन २ ची गिटार हिरो गिटार आपली ओळख पटवायला डावा बाण सतत दाबलेला दाखवते. कन्सोलला ती खूण कळते, तुमच्या अ‍ॅडॉप्टरला कळणार नाही. मेनूतला कर्सर आपोआप डावीकडे पळू लागला की घाबरू नका. पट्टी वर केली की आकडा ० ऐवजी ७ जातो, आणि काही खेळ तो "वर" म्हणून धरत नाहीत. अशा वेळी तोच बोर्ड वापरून डाव्याकडे दुर्लक्ष करायचं आणि वर-खाली बटणं म्हणून पाठवायचे.

एक राहिलं. साताऱ्याच्या पावसात मॅट घडी करून कपाटात ठेवू नका. घडीच्या रेषेवर आतली छपाई तडकते आणि मग खराखुरा बिघाड होतो. गुंडाळून उभी ठेवा.

`joy.cpl` मध्ये काय दिसतं ते इथे लिहा, फोटो टाकला तर उत्तम. तोपर्यंत मॅट कोणाच्याही हातात देऊ नका.