मोल काढताना जवळचे पर्याय का चुकतात?

"सोलापुरात सीईटीची तयारी करतोय. २.७ ग्रॅम Al आणि ७.१ ग्रॅम Cl₂ पासून AlCl₃ किती? ८.९०, ८.९४, ९.३५, १३.३५. माझं ८.९४ येतं, चूक कुठे?"

भावा, तू मध्येच राउंड केलंस. 2Al + 3Cl₂ → 2AlCl₃. दोन्ही ०.१ मोल, पण सहगुणकाने भागल्यावर ०.०५ आणि ०.०३३, म्हणजे क्लोरीन आधी संपतो. आता AlCl₃ चे मोल ०.०६७ लिहू नकोस, ०.२/३ असंच ठेव: ०.२ × १३३.५ ÷ ३ = ८.९० ग्रॅम. ०.०७ धरणाऱ्याला ९.३५ मिळतं.

१३.३५ तर गणित न करताच उडतो, कारण एकूण माल ९.८ ग्रॅमच आहे. ताळा बघ: Al १.८ ग्रॅम वापरलं, ०.९ उरलं, ९.८ − ०.९ = ८.९. आमच्या नवी पेठेतल्या शिकवणीत मुलांना हा ताळा मी आधी करायला लावतो.