'सहगुणक' की 'गुणांक', आणि 'सुधारित' आर-स्क्वेअर चालेल का?

"रिग्रेशनच्या आउटपुटचा फोटो टाकलाय, २० विद्यार्थ्यांचे परीक्षेतले गुण, आणि अभ्यासाचे तास, झोपेचे तास, गैरहजर दिवस. Coefficients ला सहगुणक म्हणू का गुणांक? आणि Adjusted R Square ला 'सुधारित' म्हटलं तर चालेल का?"

सहगुणक म्हणा. गुणांकही रूढ आहे, सहसंबंध गुणांक आपण म्हणतोच, पण इथे मोजतोय तेच 'गुण' त्यामुळे वाचणारा गोंधळेल. शिवाय सहगुणक म्हणजे चलाला जोडून त्याला गुणणारा, आणि अभ्यासापुढचा २.४ नेमकं तेच करतोय. मात्र वाक्यात लिहिताना "एक तास वाढवला की २.४ गुण वाढतात" असं लिहू नका, "झोप आणि गैरहजेरी सारखीच असलेल्या दोघांत एका तासाच्या फरकामागे सरासरी २.४ गुणांचा फरक दिसतो" असं लिहा, थोडं लांबतं पण सहगुणकाचा खरा अर्थ हाच आहे. गैरहजेरीचा ०.८ उणे आहे बरं का, फोटोत ते चिन्ह पुसट झालंय, पण t Stat मध्ये -२ स्पष्ट दिसतंय आणि t म्हणजे सहगुणक भागिले Standard Error, त्यामुळे दोघांचं चिन्ह एकच असणार.

'सुधारित' मात्र नको. सुधारित म्हटलं की आधीपेक्षा चांगलं असं वाटतं, आणि इथे ०.६४० चा आकडा उलट खाली येतो:

```
1 - (1 - 0.640) * (20 - 1) / (20 - 3 - 1) = 0.5725
```

नवा चल घातला की साधा R Square कधीच कमी होत नाही, चल कितीही निरुपयोगी असला तरी. म्हणून चलांची संख्या (इथे ३) बघून त्यातून थोडं वळतं करून घेतात, आणि हे वळतं करणं 'समायोजित' या शब्दात बरोबर येतं.

तुमच्याच फोटोत बघा, झोपेचा सहगुणक १.१ आणि Standard Error १.३, म्हणजे t साधारण ०.८५. ज्या चलाचा t (चिन्ह सोडून) १ पेक्षा कमी असतो तो काढला की समायोजित आकडा वाढतो. झोप काढून परत चालवलंत तर R Square ०.६२४ वर उतरेल, समायोजित मात्र ०.५८० वर चढेल. पण त्यावरून झोपेचा गुणांशी संबंध नाही असं लिहू नका, २० जणांत एवढा लहान परिणाम पकडता येत नाही इतकंच.

आणि पुढे 'वर्ग' न लावता 'समायोजित आर-स्क्वेअर' लिहिलेलं मला जास्त पटतं, कारण निरुपयोगी चल जास्त झाले तर हा आकडा शून्याखालीही जातो, आणि वर्ग उणे कसा हा प्रश्न वाचणाऱ्याला पडणारच.