केक चालतो, ऑम्लेट चालत नाही, मग ही अ‍ॅलर्जी की नाही?

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाला केक पचतो, पण ऑम्लेट खाल्लं की अंगावर पित्त उठतं. ही अ‍ॅलर्जी की नुसतं पचत नाही? पाकिटावर अंडं कसं ओळखायचं?

अ‍ॅलर्जीच असण्याची शक्यता जास्त. ‘पित्त उठलं’ या शब्दानेच निम्मा घोळ होतो. अंगावर गांधी येतात त्या पोटातल्या पित्ताने नव्हे, तर शरीराची प्रतिकारशक्ती अंड्यातल्या प्रथिनावर तुटून पडते म्हणून. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला किंवा घरघर सुरू झाली तर पचनाचं कारण देत बसू नका. पचत नसेल तर पोट फुगतं, मुरडा येतो, जुलाब होतात, तेही बहुधा उशिरा आणि खाल्लेल्या प्रमाणात. मोठ्यांच्या बऱ्याच तक्रारी या दुसऱ्या प्रकारातल्या असतात: एक अंडं चालतं, तीन बाधतात. अ‍ॅलर्जीत चमचाभरही पुरतो.

केकचं कोडं असं. पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन उष्णतेने मोडतं, ओव्होम्युकॉइड हे दुसरं प्रथिन मात्र बरंच टिकून राहतं. केक साधारण १८० अंशांवर अर्धा तास भाजला जातो, शिवाय अंडं मैद्यात अडकतं. ऑम्लेट दोन मिनिटांत उतरतं. म्हणून ज्यांचं शरीर मुख्यतः ओव्हाल्ब्युमिनवर चिडतं, त्यांना केक चालतो. केक पचतो म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, हा निष्कर्ष चूक, आणि ‘थोडं थोडं ऑम्लेट देत राहा, सवय होईल’ हा सल्ला तर धोक्याचा. केक मात्र उगाच बंद करू नका. बहुतेक मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते.

आता पाकीट. भारतात अंडं मांसाहारात मोजलं जातं, त्यामुळे घटकांत अंडं असेल तर तपकिरी खूण यायलाच हवी. पण हिरव्या खुणेवर डोळे मिटून विसंबू नका: त्याच यंत्रावर अंड्याचा माल बनत असेल तर खाली बारीक अक्षरांत ‘May contain egg’ असू शकतं. परदेशात ही खूण नसते, तिथे यादी वाचावी लागते: albumen, ovalbumin, meringue, lysozyme (E1105, काही चीजमध्ये असतं). Lecithin बहुधा सोयाचं असतं, क्वचित अंड्याचं. खरा सापळा मात्र सुट्या मालाचा. बेकरीतल्या बन-पॅटिसवरची चकाकी बऱ्याचदा अंडं फासून आणलेली असते आणि तिथे पाकीटच नसतं. ‘अंडं घातलंय का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील. ‘वरून लावलंय का’ असं विचारा.

आणि रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांचं ते महागडं ‘फूड इनटॉलरन्स पॅनेल’ करू नका. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच. खरी तपासणी म्हणजे त्वचेची प्रिक टेस्ट किंवा रक्तातल्या आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांची तपासणी, तीही लक्षणांशी जुळवून.

एक राहिलं: लहान बाळाला अंडं खाल्ल्यावर एक ते चार तासांनी सपाटून उलट्या होऊन ते मलूल पडलं, तर तो वेगळाच प्रकार, त्यात गांधी येत नाहीत आणि प्रिक टेस्टही बहुधा कोरी येते. आणि ऑम्लेट पुन्हा देऊन पाहायचं ते घरी नाही, अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांसमोर. कधीही श्वास घरघरला तर अ‍ॅलर्जीच्या गोळीची वाट पाहू नका, अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, थेट रुग्णालय गाठा.